रिकामी पार्किंगची जागा भाड्याने देताना

सोसायटीत राहणाऱ्या वाचकांच्या पत्रांत काही प्रश्न वरचेवर येतात. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला, गाडी विकून टाकली, खालची जागा आता मोकळीच आहे. शेजारच्या इमारतीतला भाडेकरू दरमहा पैसे द्यायला तयार आहे, पण सेक्रेटरी म्हणतात तसे देता येत नाही. हे खरे का? दुसरे एक जण लिहितात, जागा दिली, सहा महिने पैसे आले, आता पैसेही नाहीत आणि गाडीही हलत नाही. तिसऱ्यांचा प्रश्न असा, की आपल्या जागेत उभ्या असलेल्या गाडीची काच फुटली आणि गाडीमालक भरपाई मागतो आहे. ती द्यावी लागेल का?

हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपण नेमके काय देत आहोत, हे व्यवहाराच्या सुरुवातीला ठरवलेले नसते. तुम्ही जमीन देत नाही आणि गाडी सांभाळण्याची हमीही देत नाही. ठरावीक गाडी ठरावीक जागी, ठरावीक मुदतीपर्यंत उभी करण्याची फक्त परवानगी देता. दर, वेळा, जबाबदारी, करार हे सगळे या एका गोष्टीला धरून ठरवलेत, तर पुढची बहुतेक भांडणे टळतात.

आधी कागद काढा: जागेवर तुमचा हक्क कोणता?

दर विचारण्याआधी फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा, सोसायटीचे अलॉटमेंट लेटर आणि उपविधींचे पुस्तक बाहेर काढा. ‘पार्किंग माझे आहे’ असे आपण सहज म्हणतो, पण त्या वाक्यामागे निदान चार वेगळ्या स्थिती असू शकतात.

- तीन बाजूंनी भिंती आणि वर छप्पर असलेले बंदिस्त गॅरेज, जे करारनाम्यात मोजमापासह लिहिलेले आहे. रेरा कायद्यातली गॅरेजची व्याख्या हीच आहे. इथे तुमचा हक्क सर्वांत भक्कम असतो.
- करारनाम्यात क्रमांकासह नोंदवलेले कव्हर्ड पार्किंग. रेराखाली नोंदलेल्या नव्या प्रकल्पांत हे आढळते. जागा तुमच्या फ्लॅटशी जोडलेली असते, पण तिथवर जाणारा रस्ता आणि फाटक सामाईक असते.
- सोसायटीने वाटप केलेली स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची जागा. जुन्या इमारतींत बहुतेकांची स्थिती हीच असते. तुम्हाला वापराचा हक्क मिळालेला असतो, मालकी मिळालेली नसते.
- अपार्टमेंट कायद्याखालची इमारत. इथे सोसायटीऐवजी अपार्टमेंट मालकांची संघटना असते आणि पार्किंगचा दर्जा ‘डीड ऑफ डिक्लेरेशन’मध्ये लिहिलेला असतो. ते कागद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसऱ्या प्रकाराबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून त्यावर थोडे थांबू. ‘बिल्डरला पार्किंगचे वेगळे दोन लाख मोजले होते, पावतीही आहे’ असे अनेक जण सांगतात. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले, की मोफा कायद्याखाली बिल्डरला स्टिल्टमधली किंवा उघडी पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकताच येत नाही. ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते. त्यामुळे जुन्या इमारतीत तुमच्याकडे बिल्डरची पावती असली, तरी ती जागा तुमच्या मालकीची ठरत नाही. तिचे वाटप सोसायटी करते.

आदर्श उपविधींत ७८ क्रमांकापासून पुढे पार्किंगचे नियम आहेत. त्यांचा मथितार्थ असा: वाटप सोसायटी करते, गाडी असलेला सदस्य जागेला पात्र असतो, साधारणपणे एका सदस्याला एकच जागा मिळते, सर्वांना देऊन जागा उरल्या तर दुसरी जागा वर्षापुरती मिळू शकते, आणि सोसायटीने दिलेली जागा सदस्याला विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. यातली ‘गाडी असलेला सदस्य’ ही अट नीट वाचा. तुम्ही गाडी विकून टाकली असेल आणि सोसायटीत जागेसाठी रांग असेल, तर तुमची वाटप केलेली जागा परत घेऊन दुसऱ्या सदस्याला देण्याचा विषय सभेपुढे येऊ शकतो. अशा वेळी बाहेरच्या माणसाला गुपचूप जागा देणे म्हणजे आपणहून तो विषय ओढवून घेणे आहे. वर्षापुरती मिळालेली दुसरी जागा तर भाड्याने देण्याच्या भानगडीत पडूच नका.

सोसायटीला कळवायचे, की विचारायचे?

फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त आगाऊ कळवायचे आणि कराराची प्रत द्यायची, हे आता बहुतेकांना माहीत आहे. तोच नियम पार्किंगला लागू आहे असे मात्र समजू नका. फ्लॅटचा भाडेकरू तुमच्याच फ्लॅटमध्ये राहत असेल आणि तुमच्या फ्लॅटची जागा वापरत असेल, तर प्रश्न सोपा आहे. तो तुमच्या जागी आलेला आहे. पण फ्लॅटमध्ये तुम्ही राहणार आणि जागा तिसऱ्याला देणार, हा वेगळा व्यवहार आहे. त्यासाठी सोसायटीचे लेखी उत्तर हातात असल्याशिवाय पैसे घेऊ नका.

जागा कोणाला द्यायची यासाठी सोपा क्रम असा आहे. सर्वांत आधी त्याच सोसायटीतला सदस्य किंवा भाडेकरू शोधा. याला क्वचितच कोणी हरकत घेते, कारण माणूस फाटकातून तसाही रोज येत-जात असतो. त्यानंतर शेजारच्या इमारतीतला, ओळखीचा रहिवासी. बाहेरचे कार्यालय, दुकान किंवा प्रवासी गाड्यांचा व्यवसाय करणारा माणूस सर्वांत शेवटी, आणि तोही सर्वसाधारण सभेने तसे धोरण मंजूर केले असेल तरच.

सेक्रेटरींनी तोंडी ‘चालेल’ म्हटले तर त्यावर विसंबू नका. कमिटी दरवर्षी नाही, पण बदलतेच. पत्रात चार गोष्टी लिहा: जागेचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, वापरणाऱ्याचे नाव-पत्ता आणि मुदत. पोच असलेली प्रत जपून ठेवा. उलट बाजूने, सोसायटीने नकार दिला तर नकारामागचा ठराव किंवा उपविधी दाखवा, अशी लेखी मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव असेल तर तो तुम्हाला बांधील आहे. पण ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ हे उत्तर म्हणजे ठराव नव्हे. सदस्य आणि सोसायटी यांच्यातला वाद तिथेही मिटला नाही, तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा मार्ग आहे. दोन हजारांच्या भाड्यासाठी तिथवर जावे असे मी सुचवणार नाही. विषय वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावावा आणि सगळ्यांसाठी एकच धोरण करून घ्यावे, हे जास्त फलदायी ठरते.

स्वतंत्र बंगल्याच्या आवारातले गॅरेज असेल तर सोसायटीचा प्रश्न उरत नाही. मात्र तिथे एक वेगळी ओढ असते: गाडी ठेवायला घेतलेले गॅरेज हळूहळू मालाचे गोदाम किंवा दुरुस्तीचे दुकान होते. ते मंजूर नकाशाविरुद्धचे वापर ठरतात आणि महापालिकेची नोटीस मालकाच्या नावाने येते.

कोणती गाडी बसेल, हे टेपने मोजा

जाहिरातीत किंवा व्हॉट्सॲपवर ‘कार पार्किंग उपलब्ध’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. आपल्याकडे लहान गाडीसाठी आखलेली जागा साधारण २.३ मीटर रुंद आणि ४.५ मीटर लांब असते. मोठ्या गाडीची २.५ बाय ५ मीटरच्या आसपास. आता प्रत्यक्ष गाड्या पाहा. वॅगन आर १.६२ मीटर रुंद आहे. ती २.३ मीटरच्या जागेत मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना चौतीस-चौतीस सेंटिमीटर उरतात. थोडी एका अंगाला सरकवली की चालकाला दार उघडून उतरता येते. स्कॉर्पिओ-एन १.९ मीटरहून अधिक रुंद आहे आणि साडेचार मीटरहून लांब. त्याच जागेत तिच्या प्रत्येक बाजूला जेमतेम एकोणीस सेंटिमीटर उरतात, तेही आरसे सोडून, आणि बंपर रस्त्यावर येतो. माणूस उतरणार कुठून? तो शेजारच्या जागेत उतरेल, त्याचे दार शेजाऱ्याच्या गाडीला लागेल, आणि तक्रार तुमच्याकडे येईल.

म्हणून टेप घेऊन खाली जा आणि चार मापे लिहून काढा: दोन खांबांमधले स्वच्छ अंतर, मागच्या भिंतीपासून पांढऱ्या पट्टीपर्यंतची लांबी, डोक्यावरून जाणाऱ्या पाइपपर्यंतची उंची आणि समोर वळायला मिळणारी जागा. शेवटचे माप सगळे विसरतात. जागा ऐसपैस असते, पण समोर खांब असल्याने मोठी गाडी एका दमात आत येत नाही, आणि रोज सकाळी पुढेमागे करताना कुंडी नाही तर दुचाकी पडते. करार करण्याआधी गाडी एकदा प्रत्यक्ष लावून पाहायला सांगा.

स्टॅक किंवा पझल पार्किंग असेल तर यंत्रावरच्या पाटीवर वजन आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते. उंच गाड्यांना वरचा पॅलेट बहुधा चालत नाही. त्या पाटीचा फोटो कराराला जोडा.

गाडीच्या प्रकाराबद्दल करारात हे स्पष्ट असावे:

- फक्त नोंदवलेल्या क्रमांकाचीच गाडी. बदली गाडी आणायची झाल्यास आधी लेखी कळवणे.
- खासगी वापराची गाडी, की पिवळ्या पाटीची टॅक्सी आणि टेम्पोही चालेल, हे नावानिशी.
- आरसी, चालू विमा आणि पीयूसीची प्रत. विमा फक्त थर्ड पार्टीचा नको, स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि चोरी भरून देणारा हवा. का, ते पुढे येईल.
- एका गाडीच्या जागेत सोबत दुचाकी, सायकल, टायर किंवा खोकी ठेवता येणार नाहीत.

विजेवरची गाडी असेल तर चार्जिंग कोणाच्या मीटरवर, हे पहिल्या दिवशी ठरवा. तीस युनिटांची बॅटरी पूर्ण भरायची तर तीस युनिटांहून थोडी जास्तच वीज लागते. महिन्यातून आठ वेळा भरली तर अडीचशे युनिटांच्या पुढे आकडा जातो. सामाईक मीटरच्या बोर्डातून लांबवलेली वायर हे सोसायटीतल्या भांडणाचे आणि आगीचेही कारण आहे. वेगळा मीटर किंवा सबमीटर नसेल, तर ‘या जागेत चार्जिंग करता येणार नाही’ असे एक वाक्य करारात घाला.

दर कसा काढायचा

ठरलेला सरकारी दर नाही. तीन आकडे गोळा करा: जवळच्या पे अँड पार्कच्या मासिक पासचा दर, आसपासच्या दोन-तीन इमारतींत प्रत्यक्ष दिला जाणारा दर आणि तुम्ही स्वतः सोसायटीला भरत असलेला पार्किंग आकार. पहिला आकडा सहसा वरची मर्यादा ठरवतो, तिसरा खालची. छप्पर, चोवीस तास ये-जा, वॉचमन, वळायला सोपी जागा यांमुळे दर वर सरकतो. उघडी जागा, झाडाखालची जागा किंवा दिवसापुरती परवानगी असेल तर खाली येतो.

सोसायटीचा पार्किंग आकार भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हे लिहाच. सभेने आकार वाढवला तर वाढ कोण सोसणार, हा प्रश्न मग उरत नाही. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याएवढी पुरते. जास्त मागितलीत तर चांगला माणूस जातो. कमी घेतलीत तर शेवटच्या महिन्याचे भाडे बुडवून गाडी निघून जाते.

ये-जा: करारातला सर्वांत दुर्लक्षित भाग

चोवीस तासांची परवानगी सर्वांत सोपी. स्टेशनजवळच्या किंवा कार्यालयांच्या भागात मात्र ‘तुमची गाडी रात्री, माझी दिवसा’ असा व्यवहार पुष्कळ होतो. तो कागदावर सुरेख दिसतो. प्रत्यक्षात तुम्ही सायंकाळी सातला दमून घरी येता आणि त्यांची गाडी अजून उभीच असते, कारण त्यांची लोकल चुकलेली असते. असा वाटून घ्यायचा व्यवहार करायचाच असेल तर दोन वेळांत निदान तासाभराचे अंतर ठेवा आणि उशीर झाल्यास दर तासाला किती जादा द्यायचे, ते आकड्यात लिहा.

एकामागे एक अशा दोन जागा असतील आणि त्यांतली एक द्यायचा विचार असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: देऊ नका. मागची गाडी काढायला पुढची हलवावी लागते, त्यासाठी किल्ली घ्यावी लागते, आणि किल्ली हातात आली की तुमची कायदेशीर स्थितीच बदलते.

फाटकाचे स्टिकर, रिमोट किंवा कार्ड दिलेत तर त्याची नोंद करा, हरवल्यास खर्च कोणाचा तेही. आणि एक कलम आपल्याकडे हवेच: गणपतीचा मांडव, टाकीची सफाई, रंगकाम किंवा पाइपदुरुस्तीसाठी सोसायटीने जागा रिकामी करायला सांगितली, तर दोन दिवसांच्या सूचनेवर गाडी हलवायची, सलग तीन दिवसांहून जास्त जागा मिळाली नाही तर तेवढ्या दिवसांचे भाडे वजा. हे लिहिलेले नसेल तर दोघांनाही आपलेच बरोबर वाटते.

नुकसान झाले तर कोण भरणार?

याचे उत्तर बहुतांशी एका प्रश्नावर अवलंबून आहे: गाडीची किल्ली कोणाकडे होती?

गाडीमालकाने स्वतः गाडी लावली, कुलूप केले आणि किल्ली खिशात घालून तो गेला, तर तुम्ही त्याला फक्त जागा वापरू दिलीत. गाडी तुमच्या ताब्यात आलीच नाही. पण तुम्ही किल्ली ठेवून घेतलीत, गाडी हलवण्याची किंवा सांभाळण्याची जबाबदारी घेतलीत, तर भारतीय करार कायद्याच्या भाषेत ती वस्तू तुमच्याकडे सोपवलेली ठरते. कलम १५१ प्रमाणे मग तुम्ही स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी शहाणा माणूस घेतो, तितकी घेतली होती का, हे विचारले जाते. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलमधून पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती आणि टोकनवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरले. गाडी ताब्यात घेतल्यावर निष्काळजीपणाची जबाबदारी छापील वाक्याने झटकता येत नाही, हा त्यातला धडा घरगुती व्यवहारालाही लागू पडतो.

तेव्हा शेजारधर्म म्हणूनही किल्ली ठेवून घेऊ नका. ‘काकू, गावी चाललोय, किल्ली तुमच्याकडे राहू द्या, कधी हलवावी लागली तर...’ या विनंतीला नम्रपणे नाही म्हणा; त्यांनी ती आपल्या नातेवाइकाकडे ठेवावी आणि त्याचा फोन क्रमांक तुम्हाला द्यावा.

किल्ली त्यांच्याकडे असली तरी एक जबाबदारी तुमची राहतेच, ती म्हणजे माहीत असलेला धोका लपवायचा नाही. छतातून झिरपणारे पाणी ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. काँक्रीटमधून ठिबकणाऱ्या पाण्यात चुन्याचा अंश असतो. ते बॉनेटवर वाळले की पांढरे डाग पडतात आणि रंगात उतरतात. पॉलिश करूनही सगळे जात नाहीत. असे ठिबकणे असेल तर आधी सांगा, करारात लिहा, दुरुस्तीसाठी सोसायटीला पत्र द्या. तळघरात पाणी शिरत असेल तर तेही सांगा. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकता नगरी भागात पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. नदीकाठच्या किंवा सखल भागातल्या जागेसाठी ‘पुराचा इशारा मिळाल्यावर गाडी हलवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची’ असे कलम असावे.

चोरी, ओरखडे, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, पडलेली फांदी यांची भरपाई गाडीमालकाने आपल्या विम्यातून घ्यायची. म्हणूनच वर सर्वसमावेशक विम्याची अट सांगितली. थर्ड पार्टी विम्यातून स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही, आणि मग माणूस साहजिकच तुमच्याकडे वळतो. उलट दिशेचे नुकसानही लिहा: त्यांच्या गाडीने खांब, फाटक, शेजाऱ्याची गाडी यांना धक्का दिला किंवा फरशीवर ऑइल गळले, तर खर्च त्यांचा.

सुरुवातीच्या प्रश्नातली फुटलेली काच घ्या. किल्ली गाडीमालकाकडे होती, तुमच्या कुठल्याही कृतीमुळे काच फुटली नाही, धोका लपवलेला नव्हता. भरपाई तुमच्याकडे मागता येत नाही. वरच्या गॅलरीतून तुमचीच कुंडी पडली असेल तर गोष्ट वेगळी.

करार: कोणता आणि नोंदणी हवी का?

‘भाडेपट्टा’ शब्द वापरू नका. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे परवाना करार करा. त्यात जागेचा ताबा जात नाही, फक्त वापराची मुभा जाते, आणि मुदत संपली की मुभा संपते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये ‘जागा’ या संज्ञेत इमारतीशी संलग्न गॅरेजही येते. कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, वापरणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बंदिस्त गॅरेज असेल तर दुसरा विचारच नको. करारनाम्यात नोंदवलेल्या कव्हर्ड पार्किंगसाठीही मी नोंदणीच सुचवतो, कारण खर्च फार नाही. सोसायटीने वाटप केलेल्या जागेसाठी मात्र सोसायटीची लेखी संमती आणि तिघांच्या सह्यांचे साधे पत्र हा योग्य मार्ग आहे. जी जागा तुमच्या मालकीची नाही तिचा नोंदणीकृत करार करायला जाऊ नका.

करारातली मुख्य वाक्ये साधारण अशी असावीत:

- “जागा क्र. — मध्ये फक्त — क्रमांकाची गाडी उभी करण्याची परवानगी दिली आहे. जागेचा ताबा मालकाकडेच आहे.”
- “गाडीची किल्ली वापरणाऱ्याकडे राहील. मालकाने गाडी सांभाळण्याची जबाबदारी घेतलेली नाही.”
- “ही परवानगी दुसऱ्याला देता येणार नाही.”
- “कोणत्याही पक्षाला एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल.”
- “मुदतीनंतर गाडी उभी राहिल्यास दररोज — रुपये आकारले जातील.”

एक हिशेब

समजा, पुण्यात कोथरूडमध्ये एका निवृत्त शिक्षिकेचे कव्हर्ड पार्किंग करारनाम्यात नोंदलेले आहे. त्याच इमारतीतल्या भाडेकरूकडे वॅगन आर आहे. दरमहा दोन हजार, अनामत चार हजार, मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क काढताना एकूण भाडे २२,००० अधिक परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले व्याज, म्हणजे सुमारे ३६७, असे २२,३६७ रुपये होतात. त्याच्या पाव टक्का म्हणजे छप्पन्न रुपये. पूर्णांक करून शंभराच्या घरात धरा. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. सोसायटीचा पार्किंग आकार दरमहा २०० धरला तर अकरा महिन्यांचे २,२०० होतात. सगळे वजा जाता बाईंच्या हातात सुमारे १८,७०० उरतात, म्हणजे महिन्याला १,७००. नोंदणीचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा करण्याची पद्धत आहे. एजंटाकडून घरी येऊन ऑनलाइन नोंदणी करून घेतलीत तर त्याची फी वेगळी. ती आधी विचारा, नाहीतर एवढ्या छोट्या व्यवहारात महिनाभराचे भाडे त्यातच जाते.

भाडे बँकेतून किंवा यूपीआयने घ्या. हे उत्पन्न प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवायचे असते; कोणत्या सदराखाली, हे गॅरेज आहे की मोकळी जागा यावर ठरते, ते सीएला विचारा. जीएसटीची सक्ती वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीनंतर येते, त्यामुळे बहुतेकांचा संबंध येत नाही. पण तुमचा व्यवसाय असेल आणि जीएसटी नोंदणी आधीच असेल, तर पार्किंगचे भाडेही त्यात धरावे लागेल.

मुदत संपली, गाडी हलत नाही

राग आला तरी चाकाला साखळी लावू नका, हवा सोडू नका, क्रेन बोलावून गाडी रस्त्यावर काढू नका. गाडी अडवणे किंवा तिचे नुकसान करणे हा तुमच्याच विरुद्ध फौजदारी तक्रारीचा विषय होतो. परवाना रद्द झाल्यावरही गाडी काढून न्यायला वाजवी वेळ मिळण्याचा वापरणाऱ्याचा हक्क कायद्याने मान्य केला आहे.

क्रम असा ठेवा. आधी फोन आणि लेखी संदेश. मग पोच असलेल्या टपालाने नोटीस: करार कधी संपला, किती थकबाकी आहे, रोजचा आकार किती, गाडी कोणत्या तारखेपर्यंत काढायची. त्याची प्रत सोसायटीला द्या आणि त्या तारखेनंतर फाटकाचे स्टिकर रद्द करण्याची विनंती करा, जेणेकरून गाडी एकदा बाहेर गेली की पुन्हा आत येणार नाही. गाडीचा तारखेसह फोटो दर आठवड्याला काढून ठेवा. माणूसच बेपत्ता असेल तर पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्या, कारण ती गाडी चोरीची किंवा गुन्ह्यात वापरलेली असू शकते. तरीही हलली नाही तर दिवाणी किंवा लघुवाद न्यायालय. इथे एक बारकावा आहे: मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा लवकर परत मिळवण्याची भाडे नियंत्रण कायद्यातली सोय राहण्यासाठी दिलेल्या जागांना आहे, पार्किंगला नाही. दिवाणी दाव्याला वेळ लागतो. म्हणून मुदतीनंतरचा रोजचा आकार नेहमीच्या भाड्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवणे आणि अनामत हातात असणे, हीच खरी ताकद आहे.

व्यवहार नीट संपला, तर त्याच दिवशी चार कामे उरका: जागेचा फोटो, स्टिकर आणि रिमोट परत, अनामतीतून काय वजा केले त्याचा लेखी हिशेब देऊन उरलेली रक्कम बँकेने परत, आणि परवानगी संपल्याचे सोसायटीला पत्र. हे पत्र दिले नाही, तर वॉचमनच्या वहीत ती गाडी तुमच्याच जागेच्या नावावर राहते आणि पुढे तिच्याबद्दलची प्रत्येक तक्रार तुमच्याच दारात येते.